हळदीच्या फोटोतला खुर्च्यांचा ढीग: हिरवळीवरून मोठी वस्तू काढण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

काटोल रोडवरच्या एका लॉनमध्ये डिसेंबरात हळदीचा कार्यक्रम झाला. दुपार उतरल्यावर फोटोग्राफरने लॉनच्या इमारतीच्या गच्चीवरून नवरा-नवरीचा एक फोटो काढला. दोघं हिरवळीवर बसलेली, नवरीची पिवळी ओढणी गवतावर पसरलेली, ऊन तिरपं आणि सोनेरी. कुटुंबाला तोच फोटो २४ बाय ३६ इंचाच्या कॅनव्हासवर दिवाणखान्यात लावायचा होता.

फोटोत डावीकडे, दोघांच्या थोडं मागे, डेकोरेटरच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांचा ढीग होता आणि त्याला टेकून गुंडाळलेल्या सतरंज्या. फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. ढीग साधारण ९०० पिक्सेल रुंद, आणि त्याची सावली उजवीकडे सरकत थेट ओढणीच्या गोंड्यांपर्यंत आलेली. ढीग आणि सावली मिळून १५०० पिक्सेलचा पट्टा होत होता. ३६ इंचाच्या प्रिंटवर एका इंचात सुमारे १६६ पिक्सेल येतात, म्हणजे भिंतीवर हा पट्टा नऊ इंचांचा झाला असता. गच्चीवरून घेतलेला फोटो असल्याने मागे भिंत नाही, आकाश नाही, सगळीकडे फक्त गवत. वरवर पाहता ही सोय वाटते, पण एवढ्या मोठ्या सलग जागेत खोटं गवत लपायला आडोसाच उरत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

आमच्या स्टुडिओत पहिला प्रयत्न नेहमीच्या वाटेने झाला. ढीग आणि सावली निवडून फोटोशॉपचं `Content-Aware Fill` चालवलं. मोबाइलवर पाठवलेला नमुना बरा दिसला. नंतर नवरीचे मोठे भाऊ स्टुडिओत आले, मोठ्या स्क्रीनवर जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, खुर्च्या तर गेल्या. पण हे गवत असं काऊन दिसून राहिलं? तिथं मॅट अंथरल्यासारखी वाटून राहिली."

त्यांची नजर बरोबर होती. मी जवळून पाहिलं तेव्हा तीन वेगळे दोष निघाले, आणि ते वेगळे ओळखणं हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिला दोष पुनरावृत्तीचा. एक वाळलेलं पिवळं पान आणि शेजारचा गवताचा गडद झुपका ही जोडी भरलेल्या भागात चार ठिकाणी आली होती. `Content-Aware Fill` सारखी पॅच जुळवणारी पद्धत भोकाच्या कडेवर आजूबाजूचं खरं गवत पाहून जुळता तुकडा शोधते. कडेपासून आत जावं तसं तिच्याकडे खरा पुरावा उरत नाही, स्वतः आधी भरलेलं गवतच तिला संदर्भ म्हणून वापरावं लागतं. वीस-तीस पिक्सेलची तार काढताना हे कधी जाणवत नाही. पंधराशे पिक्सेलच्या पट्ट्यात मधला मोठा भाग असा पुराव्याविना भरला जातो.

दुसरा दोष पात्यांच्या मापाचा. खालच्या बाजूला, कॅमेऱ्याजवळ, पातं पाच-सहा पिक्सेल जाड होतं आणि ढिगाच्या वरच्या टोकाजवळ त्याच्या निम्मं. फिलने खालचं जाड गवत वर नेऊन बसवलं होतं. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण जमीन तिथे उभी राहिल्यासारखी वाटते.

तिसरा दोष उजेडाचा. तिरप्या उन्हामुळे डावीकडून उजवीकडे हिरवळ हळूहळू उजळत होती. शिवाय खुर्च्यांच्या लाल प्लास्टिकवरून परतलेला उजेड आजूबाजूच्या गवतावर पडून तिथे तांबूस झाक आली होती. ढीग गेला, झाक राहिली. आणि वेगवेगळ्या जागचे तुकडे आपापला उजेड घेऊन आले, त्यामुळे ठिगळं दिसत होती.

पहिले दोन दोष पोताचे आणि तिसरा रंग-उजेडाचा. एकाच ब्रशने तिन्ही दुरुस्त करायला गेलं की एक सुधारताना दुसरा बिघडतो.

कोणते पर्याय होते

फोटो पुन्हा काढण्याचा प्रश्नच नव्हता, हळद दोनदा लागत नाही. डावीकडून कापून ढीग फ्रेमबाहेर घालवता आला असता, पण मग दोघं फ्रेमच्या कडेला चिकटली असती आणि सावली तरीही राहिली असती. घरच्यांना मोकळी हिरवळच हवी होती.

फोटोग्राफरकडे खुर्च्या हलवल्यानंतरचा एक फ्रेम निघाला. त्यावर मी बराच वेळ घालवला, कारण त्याच जागेचं खरं गवत मिळणं याहून चांगलं काही नाही. पण तोवर सूर्य बुडाला होता. उन्हात प्रत्येक पात्याची एक बाजू चमकते आणि दुसरी काळी पडते. संधिप्रकाशात सगळी पाती सारखीच मऊ दिसतात. उजेडाचा रंग जुळवता येतो, पण नसलेली सावली पात्याखाली घालता येत नाही. तो फ्रेम बाजूला ठेवला.

नुसत्या क्लोन स्टॅम्पने हाताने काम करणं शक्य होतं. छोट्या भागासाठी मी आजही तेच करतो. इथे मात्र क्लोन करताना प्रत्येक ठिकाणी उजेडाचा फरक आडवा येणार होता, कारण डावीकडचं गवत उजवीकडच्यापेक्षा काळवट होतं.

म्हणून ठरलं ते असं: फ्रिक्वेन्सी सेपरेशनने फोटोचे थर करायचे, म्हणजे खाली ब्लर केलेला रंग-उजेड आणि वर त्या ब्लरमध्ये हरवलेला बारीक पोत, मग पोताच्या थरात पॅच जुळवणीने गवत भरायचं आणि रंग-उजेडाचा थर वेगळा बांधायचा.

काम कसं केलं

*आधी कच्चं भरण, मग थर.* फ्रिक्वेन्सी सेपरेशन शिकवताना बहुतेक जण थेट ब्लरपासून सुरुवात करतात. चेहऱ्यावरच्या डागाला ते चालतं. मोठ्या वस्तूला चालत नाही, कारण ब्लर वस्तूचा रंग आजूबाजूला पसरवतो. गॉसिअन ब्लरचा परिणाम रेडिअसच्या जवळपास तिप्पट अंतरापर्यंत जातो. रेडिअस २० असेल तर लाल रंग साठ पिक्सेलपर्यंत खालच्या थरातल्या गवतात मिसळतो, आणि वरच्या थरात त्याच जागी उलट्या रंगाची कड उमटते. दोन्ही थर एकत्र असताना ते एकमेकांना खोडतात, म्हणून काही दिसत नाही. एका थरातला ढीग पुसला की दुसऱ्यातलं भूत वर येतं.

म्हणून मूळ फाइलच्या प्रतीवर ढीग आणि सावली आधी साध्या फिलने झाकली. ते भरण दिसायला कसंही असो, त्याचा रंग गवताचा असला म्हणजे पुरे. निवड करताना ढिगाच्या कडेपासून सत्तर-ऐंशी पिक्सेल बाहेरून घेतली, म्हणजे तांबूस झाकही आत आली. नवरा-नवरी मास्क करून वरच्या स्वतंत्र लेयरवर ठेवली आणि प्रतीमध्ये त्यांच्या जागीसुद्धा कच्चं गवत भरलं, नाहीतर ओढणीचा पिवळा रंग ब्लरमधून पसरला असता. फाइल रॉमधून १६ बिटमध्ये, शार्पनिंग शून्य ठेवून उघडली होती. आधीच शार्प केलेल्या फाइलमध्ये पात्यांभोवती उजळ कडा असतात आणि पोताच्या थरात त्या दुप्पट बोचतात.

*रेडिअस किती.* खालच्या थराचा ब्लर हळूहळू वाढवत नेला. सुटी पाती दिसेनाशी झाली पण झुपके आणि डाग अजून ओळखू येत होते, त्या जागी थांबलो. तो आकडा इथे २० आला. मग वरचा थर नेहमीच्या पद्धतीने काढला:

```
Image > Apply Image
Layer: Low   Channel: RGB   Invert: on
Blending: Add   Scale: 2   Offset: 0
```

या थराचा ब्लेंड मोड `Linear Light`. फाइल ८ बिटची असेल तर `Invert` न लावता `Subtract`, `Scale` 2 आणि `Offset` 128 घ्यायचं. थर केल्यावर फोटो मूळ प्रतीसारखाच दिसला पाहिजे. जरा जरी फरक दिसला तरी पुढे जायचं नाही, आकडे पुन्हा तपासायचे.

*दोन थर की तीन.* पहिल्या मोठ्या निर्णयाची जागा इथे आली. दोनच थर ठेवून खालच्या थरात मऊ ग्रेडियंट रंगवला असता तर काम लवकर संपलं असतं. करून पाहिलं, आणि भाऊंची "मॅट" पुन्हा हजर झाली. कारण सोपं आहे. खरी हिरवळ कधी एका रंगाची नसते. हातभर जागा पाण्याने हिरवीगार, शेजारची पायांनी तुडवून पिवळट, कुठे माती डोकावते. हे डाग इथे शंभर-दोनशे पिक्सेलचे होते. २० च्या ब्लरमध्ये ते सगळे खालच्या थरात गेले, आणि तो थर गुळगुळीत रंगवताना पुसले गेले. पाती खरी, पण त्यांच्याखालची जमीन खोटी.

म्हणून खालच्या थराचे आणखी दोन भाग केले, दुसरा ब्लर १५० चा. आता सर्वांत खाली फक्त उन्हाचा उतार, मधे डाग आणि झुपके, वर पाती. मधल्या आणि वरच्या थरांना `Linear Light`.

*सर्वांत खालचा थर.* इथे ढिगाच्या दोन्ही बाजूंच्या स्वच्छ गवताचे रंग घेऊन मोठ्या मऊ ब्रशने उतार जोडला. तांबूसपणा उरला का हे पाहायला वरचे दोन्ही थर बंद करून तात्पुरता सॅच्युरेशन खूप वाढवला. डोळ्याला साध्या नजरेने न दिसणारी लाली तेव्हा ठळक होते. ढिगाच्या वरच्या कडेला ती थोडी सापडली आणि तिथे ब्रश आणखी फिरवला.

*मधला आणि वरचा थर.* या दोन्ही थरांत `Content-Aware Fill` वापरलं, पण नमुना कुठून घ्यायचा हे हाताने ठरवून. भोकाचे आडवे तीन पट्टे केले. प्रत्येक पट्ट्यासाठी हिरवा नमुना-भाग त्याच उंचीवरच्या डाव्या-उजव्या गवतापुरता ठेवला, म्हणजे पात्याचं माप आपोआप जुळतं. कॅमेरा थोडा कलता असेल तर पट्टे फोटोच्या कडेला समांतर न घेता क्षितिजाला समांतर घ्यावे लागतात. `Rotation Adaptation` पूर्ण बंद, `Mirror` बंद, `Scale` बंद. साध्या गवताला फिरवलं तर काय बिघडतं असं वाटेल, पण ऊन डावीकडून असताना फिरवलेल्या पात्याची चमक उजवीकडून येते. असे दहा-बारा तुकडे मिसळले की तो भाग रुक्ष आणि गोंधळलेला दिसतो. `Color Adaptation` सुद्धा बंद, कारण रंगाचं काम आता खालच्या थराकडे होतं.

नमुना घेण्याआधी त्या गवतातली ठळक खूण ठरतील अशी पानं आणि पांढरी फुलं तात्पुरती पुसली. पुनरावृत्ती पकडून देतं ते असं एखादं पान. नुसती पाती दोनदा आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी दोन-तीन पानं वेगवेगळ्या जागी हाताने परत ठेवली.

*सांधे.* इथे दोन्ही थरांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत आणि बहुतेक बिघाड इथेच होतो. रंगाच्या थरात ब्रश जितका मऊ तितकं चांगलं. पोताच्या थरात मऊ ब्रश घातक. दोन वेगळी गवतं अर्धी-अर्धी मिसळली की त्यांचे चढउतार एकमेकांशी जुळत नाहीत, सरासरी होते, आणि पोताचा कॉन्ट्रास्ट मुळाच्या सुमारे ७० टक्क्यांवर येतो. सांध्यावर एक धुरकट पट्टी पडते. रंग अचूक जुळलेला असतो, तरी पट्टी दिसते, आणि माणूस रंगच दुरुस्त करत बसतो.

२००१ मध्ये एफ्रॉस आणि फ्रीमन यांनी तुकडे जोडून पोत बनवायची जी पद्धत मांडली, तिच्यात दोन तुकडे एकमेकांवर चढवून त्यांच्यातला फरक जिथे सर्वांत कमी तिथून नागमोडी कापतात, विरघळवत नाहीत. हाताने मी तेच केलं. पट्ट्यांच्या सांध्यावर ९५ टक्के हार्डनेसचा लहान ब्रश घेऊन मास्क पात्यांच्या कडेकडेने, झुपक्याला वळसा घालत कापला.

धुरकटपणा आकड्यात तपासायला वरचा थर एकटा, नॉर्मल मोडमध्ये ठेवून हिस्टोग्राम पॅनेलमधला `Std Dev` पाहता येतो. आधी भरलेला भाग निवडायचा, मग त्याच उंचीवरचं खरं गवत. पॅनेलवरचं रिफ्रेश चिन्ह दाबायचं, नाहीतर ते जुना साठवलेला आकडा दाखवतं. मधल्या पट्ट्यात भरलेल्या गवताचा आकडा खऱ्यापेक्षा स्पष्ट कमी निघाला, म्हणून तो पट्टा दुसऱ्या नमुन्यातून पुन्हा भरला. वरच्या थराचा कॉन्ट्रास्ट कर्व्हने ओढूनही आकडा जुळला असता, पण विरघळलेली पाती त्याने परत येत नाहीत.

*सावलीचं टोक.* दुसरा कठीण निर्णय इथे होता. सावलीत खरं गवत होतंच. ते उजळायचं की फेकून नवीन भरायचं? उजळलेल्या सावलीत दोन उणिवा राहतात: आकाशाच्या उजेडामुळे निळसर छटा, आणि सावलीत पात्यांना धार नसल्यामुळे मऊपणा. शिवाय अंधारातला नॉइज वर येतो. म्हणून सावलीचा बहुतेक भाग नवीन भरला. ओढणीलगतचा अडीचशे पिक्सेलचा पट्टा मात्र ठेवला. तिथे गोंड्यांचे दोरे पात्यांत गुंतले होते, आणि कितीही चांगला मास्क केला तरी खोट्या गवतावर ठेवलेला खरा गोंडा तरंगतोच. त्या पट्ट्याला थरांचा उपयोग केला नाही. साध्या कर्व्हने तो उजळला आणि निळा कमी केला. कर्व्ह चढा असला की उजेडाबरोबर पोताचा कॉन्ट्रास्टही वाढतो, आणि इथे दोन्ही हवं होतं. नवरा-नवरीच्या स्वतःच्या सावल्या अर्थातच तशाच ठेवल्या.

निकाल

कॅनव्हासआधी त्याच पट्ट्याचा खऱ्या मापाचा एक तुकडा फोटोपेपरवर काढला. स्क्रीनवर शंभर टक्क्यांवर न दिसलेली एक पुनरावृत्ती त्यात दिसली, वरच्या डाव्या कोपऱ्यात एकाच आकाराचे दोन गडद डाग शेजारीशेजारी. ती मधल्या थराची चूक होती. एक डाग त्याच थरात पुसला, वरच्या पात्यांना हातही लावावा लागला नाही. एकाच थरावर काम असतं तर तो सगळा भाग पुन्हा भरावा लागला असता.

भाऊ कॅनव्हास न्यायला आले तेव्हा ढीग कुठे होता ते त्यांना बोटाने दाखवायला सांगितलं. त्यांनी हात ठेवला तो चांगला वीतभर चुकीच्या जागी. म्हणाले, "आता बरोबर आहे जी, आता हिरवळ दिसून राहिली."

जवळून, नाक लावून पाहिलं तर उजळलेल्या पट्ट्यातलं गवत शेजारच्यापेक्षा किंचित मऊ आहे. ओढणीच्या इतक्या जवळ ते कॅमेऱ्याच्या फोकसचा भाग वाटतं, म्हणून तिथेच थांबलो.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय गच्चीवरच होता. दोघं उठून गेल्यावर, खुर्च्या बाजूला सरकवून, कॅमेरा न हलवता त्याच उन्हात एक रिकामा फ्रेम घेतला असता तर बहुतेक काम मास्कवर भागलं असतं. आता आमच्याकडे येणाऱ्या फोटोग्राफरांना मी हे आधीच सांगतो. लग्नघाईत दर वेळी जमत नाही, पण तिपाईवर कॅमेरा असेल तर एक मिनिट लागतं.

तीन थर करण्याचा निर्णयही प्रत्येक वेळी योग्य ठरेल असं नाही. कापलेल्या, रोज पाणी घातलेल्या, एकसारख्या टर्फवर दोन थर पुरतात. निर्णय आधी घेता येतो: खालचा थर एकटा पाहायचा. त्यात डाग असतील तर तिसरा थर हवा, नुसता उतार असेल तर नको.

हीच रीत जशीच्या तशी वाळूवर नेली तर फसते. कन्हानच्या पात्रातल्या वाऱ्याने पडलेल्या वाळूच्या लहरी पाहा. एका लहरीत उजळ माथा, काळी उतरण आणि दाणे सगळं एकत्र असतं. मधला रेडिअस घेतला तर लहर दोन थरांत अर्धी-अर्धी तुटते, आणि दोन्हीकडे वेगवेगळं भरलं की माथा एकीकडे आणि दाण्यांची सावली दुसरीकडे पडते. तिथे रेडिअस लहरींमधल्या अंतरापेक्षा मोठा घ्यावा, म्हणजे अख्खी लहर पोताच्या थरात येते. मग रेघा हाताने एकमेकींना जोडत क्लोन करावं. पॅच जुळवणीला लहर पुढे कुठे जाणार हे कळत नाही.

फुटाळ्यासारख्या तलावावरच्या पाण्याचं आणखी निराळं. काठावरून घेतलेल्या फोटोत लाटांचं माप दूर जाताना गच्चीवरून दिसणाऱ्या गवतापेक्षा फार झपाट्याने लहान होतं, म्हणून तीन पट्ट्यांऐवजी सात-आठ अरुंद पट्टे लागतात. प्रतिबिंब खालच्या थरात राहतं, त्यामुळे नाव काढली तर तिच्या सरळ खाली पडलेलं तिचं प्रतिबिंब त्या थरातून वेगळं काढावं लागतं. मावळतीच्या सूर्याची चमकती वाट त्या भागातून जात असेल तर ही पद्धत मी वापरत नाही. त्या चमकीत पिक्सेल पूर्ण पांढरे होऊन गेलेले असतात, त्यांना थरांत विभागण्यासारखं काही उरलेलं नसतं. तिथे चमकीच्याच रांगेतला, त्याच उंचीजवळचा तुकडा सरळ क्लोन करून बसवावा.